घट विभवाचे चिन्ह आणि परीक्षानळीतील अभिक्रिया जुळत नसतील, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

प्रमाण क्षपण विभवांच्या तक्त्यावरून द्रावणात एखादी रेडॉक्स अभिक्रिया होईल की नाही, हे ठरवण्याची रीत अगदी छोटी आहे. ज्या जोडीचे क्षपण होणार तिच्या विभवातून, ज्या जोडीचे ऑक्सिडीकरण होणार तिचा विभव वजा करायचा. उत्तर धन आले तर अभिक्रिया लिहिलेल्या दिशेने घडू शकते आणि ऋण आले तर त्या दिशेने घडत नाही. रीत इतकी सोपी असूनही विद्यार्थ्यांच्या वह्या आणि प्रयोगांच्या नोंदी तपासताना नेमका हाच दोष मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. उत्तराचे चिन्ह एक सांगते आणि परीक्षानळीत दुसरेच दिसते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय तक्त्यावर जातो. माझा अनुभव असा, की तक्ता क्वचितच चुकीचा असतो. आपण त्याला जी अभिक्रिया विचारली ती आणि नळीत प्रत्यक्ष चाललेली अभिक्रिया, या दोन वेगळ्या असतात.

लक्षणे

पहिले लक्षण हे, की सर्वांना ठाऊक असलेल्या अभिक्रियेसाठीही उत्तर ऋण येते. मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की तांबे साचते, हे शाळेतच पाहिलेले असते. तरीही वहीत −१.१० किंवा −०.४२ व्होल्ट असे उत्तर दिसते.

दुसरे लक्षण म्हणजे चिन्ह बरोबर, पण आकडा अवाजवी मोठा. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली तर प्रमाण घट विभव +०.४६ व्होल्ट यायला हवा, त्याऐवजी +१.२६ येतो.

तिसरे लक्षण अधिक फसवे आहे. उत्तर धन येते, अभिक्रियाही होते, पण समीकरणात लिहिलेले उत्पादित नळीत सापडत नाही. लोखंड सौम्य आम्लात विरघळते, गणिताने Fe³⁺ होणार असे सांगितलेले असते आणि द्रावणात मात्र Fe²⁺ असते.

चौथे लक्षण हे, की उत्तर स्पष्टपणे ऋण असते आणि अभिक्रिया मात्र डोळ्यांदेखत, क्षणात होते. मोरचूद आणि पोटॅशियम आयोडाइड यांची द्रावणे एकत्र करणे हे याचे ठळक उदाहरण आहे. त्याचा उलगडा पुढे सविस्तर केला आहे, कारण या विषयातले सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण मला तेच वाटते.

पाचवे लक्षण याच्या उलट आहे. उत्तर भरघोस धन असते आणि नळीत काहीही होत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात जशीच्या तशी पडून राहते.

पुढील तपासण्या सोपीपासून अवघडकडे अशा क्रमाने मांडल्या आहेत. पहिल्या तीन केवळ कागद-पेन्सिलीने होतात. रसायनांची बाटली उघडण्यापूर्वी त्या पूर्ण कराव्यात, असा माझा आग्रह आहे.

पहिली तपासणी: चिन्ह एकदाच बदलले आहे ना?

सर्वप्रथम तक्त्यातील जस्ताची ओळ पाहावी. तिथे −०.७६ लिहिलेले असेल तर तो क्षपण विभवांचा तक्ता आहे. +०.७६ असेल तर तो ऑक्सिडीकरण विभवांचा आहे आणि त्यातील प्रत्येक चिन्ह उलट वाचावे लागेल. क्षपणाची दिशा धरूनच इलेक्ट्रोड विभव सांगावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत १९५३ मध्ये स्टॉकहोम येथे ठरला. त्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्याही काही पुस्तकांत मात्र ऑक्सिडीकरण विभव छापलेले आढळतात. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून एकेक आकडा उचलला की पुढचे सारे गणित निष्फळ ठरते.

तक्ता क्षपण विभवांचा आहे याची खात्री झाली, की सूत्र असे:

E°(घट) = E°(क्षपण होणारी जोडी) − E°(ऑक्सिडीकरण होणारी जोडी)

या सूत्रात दोन्ही आकडे तक्त्यात जसे छापले आहेत तसेच घालायचे. दिशा उलटण्याचे काम सूत्रातील वजाबाकीच करते. जस्त आणि तांब्याच्या बाबतीत ०.३४ − (−०.७६) = +१.१० व्होल्ट. जस्ताचे ऑक्सिडीकरण होते म्हणून कोणी आधीच त्याचा विभव +०.७६ करून घेतो आणि मग सूत्रानुसार वजाबाकीही करतो, तेव्हा −०.४२ मिळते. म्हणून −०.४२ हा आकडा दिसला, की दिशा दोनदा उलटली गेली हे समजावे. −१.१० दिसला, तर कोणाचे क्षपण होते हे ठरवतानाच गफलत झाली आहे. चिन्ह बदलून बेरीज करण्याची दुसरी पद्धतही बरोबर आहे. फक्त एका गणितात दोन पद्धतींची सरमिसळ करू नये.

पहिल्या लक्षणाची बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात.

दुसरी तपासणी: विभवाला सहगुणकाने गुणले आहे का?

तांबे आणि सिल्व्हर नायट्रेटचे समीकरण असे आहे:

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

इलेक्ट्रॉनांची संख्या जुळवण्यासाठी चांदीच्या अर्ध-अभिक्रियेला दोनाने गुणावे लागते. त्याच ओघात तिचा +०.८० व्होल्ट विभवही दुप्पट केला जातो आणि १.६० − ०.३४ = १.२६ असे उत्तर येते. खरे उत्तर ०.८० − ०.३४ = +०.४६ व्होल्ट आहे.

विभव म्हणजे एकक विद्युतप्रभारामागची ऊर्जा. टाकीतून एक घागर पाणी सोडले काय किंवा दोन घागरी सोडल्या काय, टाकीची उंची तीच राहते. वाढते ते एकूण काम. इथेही अर्ध-अभिक्रिया दुप्पट केली तर इलेक्ट्रॉन दुप्पट होतात आणि ऊर्जाही दुप्पट होते, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर बदलत नाही. हिशेब मुक्त ऊर्जेचा असेल तर मात्र गुणावेच लागते, कारण ΔG° = −nFE° या सूत्रात n हा इलेक्ट्रॉनांचा आकडा आहे आणि F म्हणजे एका मोलमागे ९६,४८५ कूलोम. वरील समीकरणासाठी मुक्त ऊर्जेतील बदल सुमारे −८९ किलोज्यूल येतो. तेच समीकरण चांदीच्या एका आयनासाठी लिहिले तर ऊर्जा निम्मी होते आणि विभव पुन्हा ०.४६ च राहतो.

हा नियम पाठ करताना त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. दोन अर्ध-अभिक्रियांपासून पूर्ण अभिक्रिया तयार करताना विभव सरळ वजा होतात. पण दोन अर्ध-अभिक्रियांपासून तिसरी अर्ध-अभिक्रिया तयार करायची असेल, तर विभवांची बेरीज चालत नाही; तिथे ऊर्जांची बेरीज करावी लागते. लोखंडाच्या बाबतीत Fe³⁺ पासून Fe²⁺ साठी +०.७७ आणि Fe²⁺ पासून Fe साठी −०.४४ हे विभव दिलेले असतात. Fe³⁺ पासून थेट Fe साठी विभव काढताना १ × ०.७७ आणि २ × (−०.४४) यांची बेरीज करून तीन इलेक्ट्रॉनांनी भागायचे. उत्तर सुमारे −०.०४ व्होल्ट येते. जे सरळ बेरीज करून +०.३३ लिहितात, त्यांचे लोखंड आम्लात कधीच विरघळणार नाही.

तिसरी तपासणी: निवडलेली जोडी नळीत खरोखर आहे का?

या −०.०४ मुळेच तिसरे लक्षण उद्भवते. लोखंड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा विचार करताना कोणी Fe³⁺/Fe ही जोडी निवडतो. हायड्रोजनचा प्रमाण विभव शून्य असल्याने घट विभव ० − (−०.०४) = +०.०४ व्होल्ट येतो. चिन्ह धन आहे, म्हणून Fe³⁺ तयार होईल असा निष्कर्ष काढला जातो. गणितात कुठेही चूक नाही, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

एकाच धातूच्या अनेक ऑक्सिडीकरण अवस्था असतील, तर प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासावी लागते. लोखंडापासून Fe²⁺ होण्यासाठी घट विभव +०.४४ आहे, म्हणून ही पायरी सहज होते. Fe²⁺ पासून Fe³⁺ करण्यासाठी हायड्रोजन आयन वापरायचे म्हटले, तर ० − ०.७७ = −०.७७ व्होल्ट येतो आणि वाट तिथेच अडते. शिवाय क्षणभर Fe³⁺ तयार झालाच असे मानले, तरी जवळच्या लोखंडाशी त्याची अभिक्रिया होऊन तो पुन्हा Fe²⁺ बनेल, कारण त्या अभिक्रियेचा विभव ०.७७ − (−०.४४) = +१.२१ व्होल्ट आहे. तात्पर्य, लोखंड शिल्लक आहे आणि ऑक्सिजनचा शिरकाव नाही, तोवर द्रावणात Fe²⁺ च मिळेल.

म्हणून गणित सुरू करण्यापूर्वी नळीत नेमके कोणते आयन, रेणू आणि घन पदार्थ आहेत, त्यांची एक यादी करावी. यादीत नसलेल्या पदार्थाची जोडी तक्त्यातून उचलू नये. पोटॅशियम परमँगनेटचा +१.५१ व्होल्ट हा विभव Mn²⁺ पर्यंतच्या क्षपणाचा आणि तोही तीव्र आम्लधर्मी द्रावणातील आहे. द्रावण अल्कधर्मी असेल तर उत्पादित बदलते, अर्ध-अभिक्रिया बदलते आणि विभवाची ओळही वेगळी घ्यावी लागते.

चौथी तपासणी: संहती आणि सामू प्रमाण स्थितीपासून किती दूर आहेत?

तक्त्यातील आकडे प्रमाण स्थितीचे असतात, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांची संहती सुमारे एक मोलर आणि वायूंचा दाब एक बार. प्रत्यक्ष द्रावण क्वचितच असे असते. त्याची दुरुस्ती नर्न्स्टच्या समीकरणाने होते. त्यातील एकच गोष्ट मनात ठेवली तरी पुष्कळ काम होते. २५ अंश सेल्सिअसला एका इलेक्ट्रॉनाच्या अभिक्रियेत एका आयनाची संहती दहापट बदलली, की विभव सुमारे ०.०५९ व्होल्टने सरकतो. इलेक्ट्रॉन दोन असतील तर त्याच्या निम्म्याने.

यावरून एक व्यावहारिक अंदाज बांधता येतो. घट विभव ०.३ किंवा ०.४ व्होल्टपेक्षा मोठा असेल, तर द्रावण थोडे सौम्य किंवा थोडे संहत केल्याने त्याचे चिन्ह सहसा उलटत नाही. विभव शून्याच्या जवळ असेल, तर मात्र चिन्हावर विसंबू नये. Ag⁺ आणि Fe²⁺ यांच्या अभिक्रियेचा प्रमाण विभव ०.८० − ०.७७ = +०.०३ व्होल्ट आहे. याचा समतोल स्थिरांक जेमतेम ३ च्या आसपास येतो. अशा वेळी 'होते' किंवा 'होत नाही' असे उत्तरच नसते. काही प्रमाणात होते आणि थांबते, आणि किती होते हे संहतींवर अवलंबून असते.

अर्ध-अभिक्रियेत हायड्रोजन आयन असतील तर सामूचा परिणाम मोठा होतो. परमँगनेटच्या क्षपणात पाच इलेक्ट्रॉनांमागे आठ हायड्रोजन आयन लागतात, म्हणून सामू एकने वाढला की विभव सुमारे ०.०९५ व्होल्टने घसरतो. सामू ० असताना १.५१ असलेला विभव सामू ३ ला सुमारे १.२३ आणि सामू ६ ला सुमारे ०.९४ होतो. क्लोराइडसाठी १.३६, ब्रोमाइडसाठी १.०७ आणि आयोडाइडसाठी ०.५४ हे विभव शेजारी ठेवून पाहिले, तर सामू ३ ला परमँगनेट ब्रोमाइडचे ऑक्सिडीकरण करू शकते पण क्लोराइडचे नाही आणि सामू ६ ला फक्त आयोडाइडच त्याच्या आवाक्यात राहते. सामू मोजण्याची एक कागदी पट्टी इथे बरेचसे कोडे सोडवते.

पाचवी तपासणी: नळीत आणखी एखादी अभिक्रिया चालू आहे का?

आता मोरचूद आणि पोटॅशियम आयोडाइडकडे येऊ. तक्त्यात Cu²⁺/Cu⁺ या जोडीचा विभव सुमारे +०.१५ आणि I₂/I⁻ चा +०.५४ व्होल्ट आहे. म्हणून तांब्याने आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करावे असे विचारले, तर उत्तर ०.१५ − ०.५४ = −०.३९ व्होल्ट येते. Cu²⁺/Cu ही जोडी घेतली, तरी ०.३४ − ०.५४ = −०.२० येते. दोन्ही वाटा बंद दिसतात. चौथ्या तपासणीतील अंदाजानुसार −०.३९ हे चिन्ह साध्या संहती-बदलाने उलटणारही नाही, कारण त्यासाठी Cu⁺ ची संहती प्रमाण स्थितीपेक्षा जवळजवळ सात दशकपटींनी कमी असावी लागेल.

प्रत्यक्षात निळे द्रावण आयोडाइड पडताच तपकिरी आणि गढूळ होते. तपकिरी रंग आयोडीनचा आहे. थोडे पिष्टाचे द्रावण टाकले तर गडद निळा रंग येऊन त्याची खात्री पटते. त्यानंतर सोडियम थायोसल्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने टाकले, तर आयोडीन संपते, रंग नाहीसा होतो आणि तळाशी मळकट पांढरा अवक्षेप उरतो. हा अवक्षेप म्हणजे क्युप्रस आयोडाइड, CuI. कोड्याचे उत्तर याच अवक्षेपात आहे, पण आयोडीनच्या रंगाखाली तो झाकला गेल्याने नोंदवहीत अनेकदा त्याचा उल्लेखच नसतो.

CuI पाण्यात अत्यंत अल्प विद्राव्य आहे. त्याचा विद्राव्यता गुणाकार २५ अंशांना सुमारे १.३ × १०⁻¹² आहे. म्हणजे द्रावणात आयोडाइड एक मोलर असेल, तर Cu⁺ ची संहती साधारण १०⁻¹² मोलरच्या वर टिकूच शकत नाही; तयार झालेला Cu⁺ लगेच अवक्षेपात जातो. आपल्याला सात दशकपटींची घट हवी होती, इथे जवळजवळ बारा मिळतात. प्रत्येक दशकपटीमागे ०.०५९ व्होल्ट या हिशेबाने बाराच्या किंचित खाली असलेल्या दशकपटींचे सुमारे ०.७० व्होल्ट होतात. ते ०.१५ मध्ये मिळवले की तांब्याच्या जोडीचा विभव सुमारे ०.८६ व्होल्टवर पोहोचतो. मोठ्या तक्त्यांत हीच अर्ध-अभिक्रिया स्वतंत्र ओळीत सापडते:

Cu²⁺ + I⁻ + e⁻ → CuI, E° ≈ +०.८६ व्होल्ट

आता पुन्हा वजाबाकी करावी. ०.८६ − ०.५४ = +०.३२ व्होल्ट. चिन्ह धन आले आणि ते डोळ्यांना दिसणाऱ्या अभिक्रियेशी जुळले. नळीतील खरी अभिक्रिया अशी आहे:

2Cu²⁺ + 4I⁻ → 2CuI + I₂

पहिले उत्तर, म्हणजे −०.३९, हेही खोटे नव्हते. Cu⁺ द्रावणात विरघळलेला राहणार असेल, तर अभिक्रिया होत नाही, असे ते सांगत होते आणि ते बरोबरच आहे. फक्त या नळीत Cu⁺ विरघळलेला राहत नाही. इथे आयोडाइडची कामगिरी दुहेरी आहे. ते क्षपणक तर आहेच, शिवाय उत्पादिताला द्रावणातून बाहेर ओढणारेही तेच आहे. तांब्याचे प्रमाण काढण्याची आयोडीन अनुमापनाची पद्धत याच अभिक्रियेवर उभी आहे. आयोडाइड भरपूर जादा घालतात त्यामागे Cu⁺ ला अवक्षेपात दाबून ठेवणे हेही एक कारण आहे.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते, आणि तीही याच अनुमापनात. नमुन्यात Fe³⁺ असेल, तर तोही आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करतो. त्या अभिक्रियेचा विभव ०.७७ − ०.५४ = +०.२३ व्होल्ट आहे. त्यामुळे तांबे असल्यापेक्षा जास्त मोजले जाते. पण द्रावणात फ्लुओराइड मिसळले, तर ते Fe³⁺ ला घट्ट बांधून जटिल आयन तयार करते, मुक्त Fe³⁺ ची संहती कोसळते, जोडीचा विभव आयोडीनच्या खाली जातो आणि आयोडाइड सुरक्षित राहते. पहिल्या उदाहरणात अवक्षेपाने उत्पादिताला बाहेर नेले आणि ऋण चिन्ह धन झाले. दुसऱ्यात जटिल आयनाने अभिकारकाला अडकवले आणि धन चिन्ह ऋण झाले.

म्हणून चौथे लक्षण दिसले, की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. कोणता अवक्षेप पडला किंवा कोणता वायू निघून गेला? आणि द्रावणात अमोनिया, सायनाइड, फ्लुओराइड, क्लोराइड किंवा आयोडाइड यांसारखा धातूच्या आयनाला बांधणारा घटक आहे का? दोहोंपैकी एकाचे जरी उत्तर होकारार्थी असेल, तर साध्या आयनाची ओळ सोडून त्या अवक्षेपाची किंवा जटिल आयनाची ओळ शोधावी. ती न मिळाल्यास विद्राव्यता गुणाकारावरून वर दाखवल्याप्रमाणे काढावी.

सहावी तपासणी: अभिक्रिया अशक्य आहे की केवळ मंद आहे?

ॲल्युमिनियम आणि मोरचुदाच्या जोडीचा प्रमाण विभव ०.३४ − (−१.६६) = +२.०० व्होल्ट आहे, म्हणजे जस्ताच्या अभिक्रियेपेक्षाही खूप जास्त. तरीही पट्टी बराच वेळ तशीच राहते, कारण तिच्या पृष्ठभागावरील ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ पण चिवट थर धातूला द्रावणाच्या संपर्कात येऊ देत नाही. अभिक्रियेला वाव आहे की नाही हे विभवाचे चिन्ह सांगते. ती किती वेगाने होईल याबद्दल त्या चिन्हात काहीच माहिती नसते.

इथे पडताळा सोपा आहे. सौम्य द्रावणाच्या थोड्या प्रमाणात पट्टीचा लहान तुकडा ठेवून चिमूटभर मीठ टाकावे. क्लोराइड आयन त्या थराला जागोजागी भेदतात आणि थोड्या वेळात लालसर तांबे दिसू लागते. द्रावण तापते आणि हायड्रोजनचे बुडबुडेही येतात, म्हणून नळीचे तोंड बंद करू नये, जवळ ज्योत ठेवू नये आणि संहत द्रावण वापरू नये. परमँगनेटचे उदाहरण याच जातीचे आहे. आम्लधर्मी द्रावणात ते पाण्याचेच ऑक्सिडीकरण करू शकते, कारण १.५१ − १.२३ = +०.२८ व्होल्ट आहे. पण ही अभिक्रिया इतकी मंद आहे की परमँगनेटची द्रावणे अनुमापनासाठी वापरता येतात. मँगनीज डायऑक्साइडचे कण आणि प्रकाश या अपघटनाला वेग देतात, म्हणून ते द्रावण गाळून गडद बाटलीत ठेवतात.

थर काढल्याने, उष्णतेने किंवा उत्प्रेरकाने अभिक्रिया सुरू झाली, तर ती केवळ मंद होती असे समजावे. ऋण चिन्ह असलेली अभिक्रिया उत्प्रेरकाने कधीही सुरू होत नाही. उत्प्रेरक टाकताच ती झाली असे वाटत असेल, तर पाचव्या तपासणीकडे परत जावे, कारण टाकलेल्या पदार्थाने नळीतील जोडीच बदलली असण्याचा संभव आहे.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

अपेक्षित उत्पादितांत क्लोरीन, ब्रोमीन किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे असतील, तर पडताळा स्वतः करू नये. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात परमँगनेट किंवा मँगनीज डायऑक्साइड टाकून 'चिन्ह खरे ठरते का ते पाहू' असे तर मुळीच करू नये. चिन्ह खरे ठरते आणि क्लोरीन बाहेर पडतो. फ्लुओराइडच्या बाबतीतही हेच. आम्लधर्मी द्रावणात त्यापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते, ते त्वचेतून आत शिरून खोल इजा करते आणि काचही खाते. सायनाइड असलेल्या द्रावणाला तर प्रशिक्षित रसायनतज्ज्ञाखेरीज कोणी हातही लावू नये. ही कामे धूरपेटी आणि योग्य साधने असलेल्या प्रयोगशाळेतील जबाबदार व्यक्तीकडेच सोपवावीत.

घट विभव शून्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ०.०५ व्होल्टच्या आत असेल, तर कागदावरचे गणितही तिथेच थांबवावे. त्या पट्ट्यात संहतीऐवजी सक्रियता धरावी लागते आणि आम्ल कोणते आहे यानेही निकाल बदलतो. Fe³⁺/Fe²⁺ जोडीचा ०.७७ हा प्रमाण विभव एक मोलर सल्फ्युरिक आम्लात प्रत्यक्षात सुमारे ०.६८ भरतो. एवढ्या फरकाने लहान चिन्ह सहज उलटू शकते. अशा प्रश्नाचा निकाल संदर्भ इलेक्ट्रोड लावून केलेल्या मोजमापानेच लागतो आणि ते विद्युतरसायनतज्ज्ञाचे काम आहे.

प्रश्न परीक्षानळीचा नसून एखाद्या टाकीचा, नळवाहिनीचा किंवा यंत्राच्या धातूचा असेल, तरीही तक्त्यावरून निर्णय घेऊ नये. तिथे विरघळलेला ऑक्सिजन, क्लोराइड, पृष्ठभागावरचे थर आणि दोन धातूंचा परस्परसंपर्क हे सारे एकाच वेळी काम करत असतात. गंज-प्रतिबंधाच्या तज्ज्ञाला बोलवावे.

कोणाकडेही जाताना पाच गोष्टी लिहून न्याव्यात: निवडलेल्या दोन्ही अर्ध-अभिक्रिया त्यांच्या विभवांसह, प्रत्येक द्रावणाची संहती, सामू, तापमान आणि नळीत जे दिसले त्याचे क्रमवार वर्णन. वर्णनात अवक्षेपाचा रंग जरूर असावा, आणि तो द्रावणाच्या रंगाखाली झाकला गेला असेल तर गाळून, धुऊन मग नोंदवावा.